धावत्या रक्तातून उतरताना

लहानपणी सुट्टीत सोलापूरकडच्या गावी गेलो की एकदा तरी पायात बाभळीचा काटा मोडायचा. वर दिसणारा भाग आजी सुईने काढायची आणि आतलं टोक राहिलं की पायाकडे नीट बघून म्हणायची, "अजून कच्चं हाय. पिकू दे. मग आपसुक निघंल." रात्री पाय ठणकायचा. दुसऱ्या दिवशी टाच लाल, गरम आणि फुगलेली असायची. तिसऱ्या दिवशी मधोमध पिवळसर टिपका दिसला की आजी दोन अंगठ्यांनी दाबायची, पू बाहेर यायचा आणि त्याच्याबरोबर काट्याचं काळं टोकही.

आजीचा "कच्चं" आणि "पिकलेलं" हा हिशोब फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत: आम, पच्यमान आणि पक्व. म्हणजे कच्चा, पिकत असलेला आणि पिकलेला. पहिल्या शतकातल्या रोममध्ये सेल्सस याने सुजेची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. बघणाऱ्यांनी सगळं अचूक पाहिलं होतं. फक्त एक प्रश्न दीड-दोन हजार वर्षं सुटला नाही. काटा रुतला तेव्हा त्या जागी पू नव्हता, तिसऱ्या दिवशी होता. मधल्या काळात तो आला कुठून?

आज उत्तर माहीत आहे. पू म्हणजे मुख्यतः न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, आणि त्या रक्तातून येतात. मात्र "रक्तातून येतात" या दोन शब्दांत एक मोठी अडचण लपली आहे. रक्त वाहतं असतं. त्याच्या लोंढ्यात वाहून चाललेल्या पेशीला हातपाय नाहीत, डोळे नाहीत. तिने टाचेतल्या नेमक्या त्या जागी थांबायचं कसं, आणि बंद नळीच्या भिंतीतून बाहेर पडायचं कसं? शरीराने यावर काढलेला तोडगा टप्प्याटप्प्याचा आहे. त्यातला एक टप्पा गळला तर काय होतं, हेही पुढे पाहू.

कंगव्याची रेघ

पहिला टप्पा घरबसल्या बघता येतो. कंगव्याच्या बोथट टोकाने हाताच्या आतल्या बाजूला जरा जोर देऊन एक रेघ ओढा. मिनिटभरात तिथे लाल रेघ उमटते. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना लालसर छटा पसरते. दाब पुरेसा असेल आणि कातडी संवेदनशील असेल, तर काही मिनिटांनी रेघेची जागा किंचित उचलून येते. हृदयविकाराचे ब्रिटिश तज्ज्ञ थॉमस लुईस यांनी १९२७ साली त्वचेच्या रक्तवाहिन्यांवर लिहिलेल्या पुस्तकात या तीन पायऱ्यांचं बारकाईने वर्णन केलं. म्हणून त्यांना लुईसचा त्रिविध प्रतिसाद म्हणतात.

कातडीखाली रक्तवाहिन्यांच्या आसपास मास्ट पेशी बसलेल्या असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिनच्या पुड्या भरलेल्या असतात. काटा रुतला, चटका बसला किंवा नुसतं ओरखडलं, तरी त्या पुड्या फुटतात. हिस्टामिन दोन ठिकाणी दोन वेगळी कामं करतं. रक्त आणणाऱ्या बारीक धमन्यांभोवती स्नायूंचं वेटोळं असतं. ते सैल पडतं, धमनी रुंद होते आणि त्या भागात एरवीपेक्षा कितीतरी जास्त रक्त येतं. ही झाली लाली. हे रक्त शरीराच्या आतल्या गाभ्यातून आलेलं असल्यामुळे गार कातडी गरम लागते. बाजूला पसरलेली छटा मात्र मज्जातंतूंचं काम आहे. त्या भागाची नस तुटून निकामी झालेली असेल, तर रेघ उमटते पण छटा पसरत नाही.

हिस्टामिनचं दुसरं काम केशवाहिन्यांच्या पुढे, रक्त परत नेणाऱ्या सूक्ष्म शिरांमध्ये चालतं. या शिरांची भिंत म्हणजे फरशीसारख्या चपट्या पेशींचा एकच थर. या अस्तरपेशी हिस्टामिन लागताच अंग चोरून घेतात आणि दोघींमध्ये फट पडते. त्या फटीतून रक्तातला द्रव आणि प्रथिनं बाहेर झिरपतात. उचलून आलेली रेघ आणि फुगलेली टाच म्हणजे हाच द्रव. हिस्टामिनने पडलेली फट साधारण अर्ध्या तासात मिटते. सूज पुढेही टिकते, कारण तोवर दुसरी रसायनं कामाला लागलेली असतात. त्यांतली प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकायनिन वेदना जाणणाऱ्या नसांना हळवं करतात. आयबुप्रोफेनची गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, म्हणून तिने दुखणं उतरतं. रात्रीचा ठणका नाडीच्या ठेक्यावर पडतो, त्याचं कारणही इथेच आहे. सैल झालेल्या धमनीतून प्रत्येक ठोका आधीच तटतटलेल्या मांसात शिरतो आणि हळव्या नसांवर आदळतो.

इथवर एकही पांढरी पेशी बाहेर पडलेली नाही. तिच्यासाठी वाट मात्र तयार झाली आहे. द्रव बाहेर गेला की शिरेत उरलेलं रक्त दाट होतं. वाहिन्या रुंद झाल्याने आणि रक्त दाट झाल्याने प्रवाह मंदावतो. मंद प्रवाहात तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून प्रवाहाच्या मध्यभागी जातात आणि आकाराने मोठ्या पांढऱ्या पेशी काठाकडे ढकलल्या जातात. पुराच्या पाण्यात ओंडके काठाला लागतात, तसं काहीसं. रक्ताच्या एका थेंबात तांबड्या पेशींच्या तुलनेत पांढऱ्या पेशी अगदीच थोड्या, सातशे-आठशेंमागे एखादी. त्या काठावर आल्या नाहीत तर भिंतीला हात लागायची संधीच त्यांना मिळणार नाही.

बेडकाच्या पडद्यावर

हे सारं जिवंत प्राण्यात नीट बघून पटवून दिलं ते युलियस कोनहाइम याने, बर्लिनमध्ये, १८६७ साली. पांढऱ्या पेशी वाहिनीबाहेर पडतात असं त्याच्या आधीही दोघा-तिघांनी लिहिलं होतं, पण ते कोणी मनावर घेतलं नव्हतं. त्या काळी वैद्यकशास्त्रात रुडॉल्फ फिरशॉचा शब्द शेवटचा असे. त्याच्या मते पुवातल्या पेशी त्या जागच्याच मांसात, तिथल्या पेशींपासून तयार होत. कोनहाइम हा त्याचाच शिष्य आणि त्याच्याच संस्थेतला सहायक.

कोनहाइमने बेडकाला क्युरारे देऊन निश्चल केलं, पोटातून आतड्याचा पारदर्शक पडदा हलकेच बाहेर काढून काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. उघड्या हवेचा त्रास एवढाच काय तो घाव. त्याच्या डोळ्यांदेखत वाहिन्या रुंदावल्या. आधी रक्त जोरात धावलं, मग मंदावलं. शिरांच्या आतल्या काठाला पांढऱ्या पेशींची रांग लागली, जणू कोणी भिंतीला आतून फरशी बसवतं आहे. नंतर शिरेच्या बाहेरच्या बाजूला गुंडीएवढा रंगहीन उंचवटा दिसू लागला. तो वाढत गेला, पेरूसारखा झाला, बारीक देठाने भिंतीला लोंबकळत राहिला आणि शेवटी देठ सुटून पेशी मोकळी झाली. काही तासांत शिरेभोवती अशा पेशींचा थर जमला. धमन्यांमधून मात्र एकही बाहेर पडली नाही.

पू कुठून येतो याचं उत्तर मिळालं. पेशी थांबते कशी याचं मिळालं नव्हतं. काठावर आलेली पेशी एकदम थांबत नाही, ती भिंतीवरून गडगडत, लोळत जाते, हे सूक्ष्मदर्शकातून बघणाऱ्यांना एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झालं होतं. ती का लोळते, हे कळायला पुढे शंभरहून जास्त वर्षं गेली.

लोळण

सूक्ष्म शिरेत तांबड्या पेशी सेकंदाला साधारण अर्धा-एक मिलिमीटर अंतर कापतात. ऐकायला हे कमी वाटतं, पण पेशीच्या लांबीने मोजलं तर एका सेकंदात स्वतःच्या शंभरपट अंतर झालं. त्याच शिरेत लोळणारी न्यूट्रोफिल सेकंदाला मिलिमीटरचे काही शतांश एवढीच पुढे सरकते. तिचा वेग वीस-तीस पटींनी खाली आणणारं कोणीतरी भिंतीवर असलं पाहिजे.

ते आहेत सिलेक्टिन नावाचे रेणू. त्यांचं काम साखर ओळखण्याचं. न्यूट्रोफिलच्या अंगावर बारीक सुरकुत्यांची टोकं असतात आणि त्या टोकांवरच्या प्रथिनाला एका विशिष्ट साखरेची झालर असते. भिंतीवरचं सिलेक्टिन ती झालर पकडतं. पकड लगेच सुटते. पण ती सुटेपर्यंत पेशी गडगडून पुढची झालर पुढच्या सिलेक्टिनच्या हाती लागलेली असते. गवतातून चालताना धोतराला कुसळं लागतात आणि सुटतात, तसं. एक एक पकड क्षणभराचीच. तशा ओळीने झाल्या म्हणजे पेशी लोळत जाते.

हे सिलेक्टिन एरवी भिंतीवर नसतं. तसं असतं तर निरोगी अंगातही पेशी जागोजागी अडकल्या असत्या. अस्तरपेशीच्या आत काडीच्या आकाराच्या पुड्या असतात. त्या १९६४ साली वायबेल आणि पलाडे यांनी पहिल्यांदा दाखवल्या, म्हणून त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. त्यांत पी-सिलेक्टिन आधीच तयार करून ठेवलेलं असतं. हिस्टामिन लागलं की काही मिनिटांत पुडी पृष्ठभागाला मिळते आणि सिलेक्टिन बाहेर येतं. दुसरा प्रकार, ई-सिलेक्टिन, नव्याने घडवावा लागतो. त्याला काही तास लागतात. म्हणून काटा रुतल्यावर पहिल्या काही मिनिटांतच थोड्या पेशी लोळू लागतात आणि खरी गर्दी काही तासांनी होते.

या पकडीची एक गंमत आहे. आपल्याला वाटेल की ओढ वाढली की पकड सुटेल. सिलेक्टिनच्या बाबतीत, एका मर्यादेपर्यंत, उलट होतं. ओढ वाढली की पकड आणखी घट्ट बसते. दाराच्या आकड्याला ताण दिला की तो अडकून बसतो आणि ढिला सोडला की निघतो, त्यातलाच हा प्रकार. पांढऱ्या पेशींच्या अंगावरही एक सिलेक्टिन असतं. प्रयोगशाळेत त्याच्या आधाराने लोळणाऱ्या पेशींचा प्रवाह फार मंद केला, तर त्या थांबण्याऐवजी सुटून निघून जातात. वाहत्या रक्तासाठी घडलेली ही रचना वाहत्या रक्तातच काम करते.

थांबा

लोळणं म्हणजे थांबणं नव्हे. या दोन्हींसाठी वेगवेगळे रेणू लागतात हे बॉस्टनमध्ये लॉरेन्स आणि स्प्रिंगर यांनी १९९१ साली अगदी साध्या मांडणीतून दाखवलं. त्यांनी काचेच्या चपट्या नळीच्या तळाला कृत्रिम पडदा बसवला आणि त्यावरून न्यूट्रोफिल वाहत सोडल्या. पडद्यात फक्त सिलेक्टिन असलं तर पेशी लोळत राहायच्या, थांबायच्या नाहीत. त्याऐवजी आयकॅम नावाचा दुसरा रेणू ठेवला, तर वाहत्या पेशी त्याला जुमानायच्याच नाहीत. नळीतला प्रवाह बंद ठेवून पेशी चेतवल्या, तर मात्र त्या आयकॅमला अशा चिकटायच्या की नंतर जोराचा प्रवाहही त्यांना हलवू शकत नसे. दोन्ही रेणू ठेवले आणि पेशींना चेतवणारं रसायन सोडलं, की पेशी आधी लोळायच्या आणि मग जागच्या जागी गच्च थांबायच्या.

आयकॅमला धरणारा हात पेशीच्या अंगावर असतो. त्याचं नाव इंटिग्रिन. एरवी तो गुडघ्यात मान घातल्यासारखा वाकलेला असतो आणि त्याची पकड ढिली असते. घावाच्या जागी तयार झालेली काही रसायनं शिरेच्या आतल्या भिंतीवर येऊन बसलेली असतात. लोळणाऱ्या पेशीला ती वाटेत लागतात, आणि सेकंदभरात आतून संकेत जाऊन इंटिग्रिन ताठ उभा राहतो. ताठ इंटिग्रिनची आयकॅमवरची पकड पक्की असते. त्याशिवाय लोळण्याला काही अर्थ नाही आणि लोळण्याशिवाय हा हात कधी भिंतीपर्यंत पोचणार नाही. धावत्या गाडीतून उतरणारा आधी गाडीच्या दिशेने चार पावलं पळतो आणि मग थांबतो. सरळ उडी मारली तर आपटतो.

थांबलेली पेशी पसरते, चपटी होते आणि भिंतीवरून सरकत दोन अस्तरपेशींच्या सांध्यापाशी येते. तिथे एक प्रथिन दोन्हीकडे सारखंच असतं, अस्तरपेशीच्या कडेला आणि न्यूट्रोफिलच्या अंगावरही. ही दोन टोकं एकमेकांना धरतात आणि पेशी आत सरकते. न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार खंडांत विभागलेलं असतं. ते लवचिक असल्यामुळे पेशी आपल्या जाडीहून कितीतरी अरुंद फटीतून निसटते. कोनहाइमला दिसलेला देठ म्हणजे मागे राहिलेली हीच शेपटी. मग शिरेभोवतीचं चिवट आवरण ओलांडायचं. सगळं मिळून काही मिनिटांचंच काम आहे.

बाहेर आल्यावर ती वास काढावा तशी वाट शोधते. फुटलेल्या पेशींतून, रक्तातल्या प्रथिनांतून आणि खुद्द जंतूंमधून निघालेली रसायनं काट्याजवळ दाट आणि दूर विरळ असतात. पेशी दाट बाजूकडे सरपटत जाते. जंतूंची प्रथिनं एका खास खुणेने सुरू होतात, आणि ती खूण न्यूट्रोफिलला लांबूनही कळते. पहिल्या सहा ते चोवीस तासांत टाचेत मुख्यतः न्यूट्रोफिल असतात. नंतर एक-दोन दिवसांत मोनोसाइट येऊन त्यांची जागा घेतात. न्यूट्रोफिल जंतू गिळतात, मारतात आणि तिथेच मरतात. त्यांच्याकडे मायलोपेरॉक्सिडेज हे हिरवट रंगाचं विकर असतं. घट्ट पुवावर हिरवट झाक दिसते ती बऱ्याचदा त्याचीच.

नाळ न पडणारं बाळ

या साखळीतली एक कडी जन्मतःच नसेल तर? १९७९ साली "लॅन्सेट" या वैद्यकीय साप्ताहिकात काही बालकांची नोंद छापली गेली. त्यांची नाळ उशिरा पडली होती, अंगात जागोजागी जंतुसंसर्ग होता आणि पांढऱ्या पेशी नीट हलत नव्हत्या. आज या आजाराचं पहिल्या प्रकाराचा ल्यूकोसाइट अॅढीजन डिफिशिअन्सी, थोडक्यात लॅड-१, असं नाव आहे. इंटिग्रिनचा अर्धा भाग असलेलं सीडी-१८ हे प्रथिन या बाळांत नसतं किंवा फार कमी असतं. पेशी लोळतात, पण थांबू शकत नाहीत.

अशा बाळाची कहाणी साधारण ठरलेली असते. निरोगी बाळाची नाळ आठवड्या-दोन आठवड्यांत वाळून पडते, आणि ती जागा सुटी करण्यात न्यूट्रोफिलचा हात असतो. या बाळाची नाळ तीन-चार आठवडे झाले तरी तशीच असते, बेंबीपाशी ओल आणि लाली असते. औषध दिलं की बरं वाटतं, थांबवलं की पुन्हा तेच. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी बेसुमार. मोठ्या माणसात चार ते अकरा हजार आणि तान्ह्या बाळात त्याहून थोडं जास्त, हे प्रमाण असतं. इथे आकडा वीस-तीस हजारांवर असतो आणि संसर्ग वाढला की लाखाला भिडतो. अहवाल बघणाऱ्याला आधी रक्ताच्या कर्करोगाची शंका येते. पण बेंबीवरच्या जखमेत पुवाचा ठिपकाही नसतो. रक्तात पेशींचा पूर आणि जखम कोरडी, अशी ही विसंगती. आजीच्या भाषेत सांगायचं तर ही जखम पिकतच नाही, नुसती कुजत जाते.

नाळ उशिरा पडली म्हणून प्रत्येक आईवडिलांनी घाबरून जायचं कारण नाही. निरोगी बाळांतही ती कधी तीन आठवडे रेंगाळते. उशीर, बेंबीचा संसर्ग आणि फार चढलेल्या पांढऱ्या पेशी हे तिन्ही एकत्र दिसले तर मात्र तपासणी हवी. ती अवघड नाही. थोडं रक्त घेऊन फ्लो सायटोमीटर यंत्रावर सीडी-१८ मोजतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा जन्मजात प्रतिकारदोषांचं निदान होतं. आजार दुर्मीळ आहे, साधारण दहा लाखांत एक. पण त्यासाठी आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक यावं लागतं. त्यामुळे मामाच्या मुलीशी किंवा नात्यातच लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत तो दिसण्याची शक्यता वाढते. गंभीर रूपात अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण हाच खात्रीचा इलाज आहे.

मुंबईचा रक्तगट आणि लोळण

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे लॅड-२ या आजाराचा धागा मुंबईशी जुळतो. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विचित्र रक्त सापडलं. ते ओ गटासारखं दिसत होतं, पण खऱ्या ओ गटाचं रक्तही त्याला चालत नव्हतं. साऱ्या रक्तगटांच्या बुडाशी असलेली एच नावाची खूण या लोकांच्या तांबड्या पेशींवर नसते. तोच "बॉम्बे ब्लड ग्रुप". एच खूण पूर्ण करणारी साखर म्हणजे फ्यूकोज.

पुढे १९९२ साली इस्राएलमधल्या दोन मुलांची नोंद झाली. वाढ खुंटलेली, बौद्धिक विकास मंद, वारंवार संसर्ग, रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर आणि जखमेत पू नाही. दोघांचाही रक्तगट बॉम्बे निघाला. एका धाग्याने दोन टोकं जुळली. न्यूट्रोफिलच्या अंगावरच्या झालरीतही फ्यूकोज लागतं. या मुलांच्या पेशींना फ्यूकोज योग्य जागी पोचवताच येत नव्हतं, म्हणून तांबड्या पेशींवर एच खूण नव्हती आणि पांढऱ्या पेशींवर सिलेक्टिनला धरायला झालर नव्हती. लॅड-१ मधल्या पेशी लोळतात पण थांबत नाहीत. या पेशी लोळतच नाहीत.

गैरसमज नको म्हणून सांगतो, बॉम्बे रक्तगटाच्या सर्वसामान्य माणसाला हा आजार नसतो. त्याच्यात फक्त तांबड्या पेशींवर फ्यूकोज जोडणारं विकर निकामी असतं. पांढऱ्या पेशींची झालर वेगळी विकरं विणतात आणि ती शाबूत असतात. त्या माणसाची जखम नेहमीसारखी पिकते. त्याला काळजी एवढीच की रक्त लागलं तर दाताही बॉम्बे गटाचाच हवा. लॅड-२ च्या काही मुलांना तोंडावाटे फ्यूकोज दिल्यावर झालर परत आली, पेशी लोळू लागल्या आणि संसर्ग कमी झाले. एका साखरेच्या कमतरतेने बंद पडलेलं काम ती साखर दिल्यावर सुरू झालं, याहून चांगला पुरावा कोणता?

अहवालातला आकडा

हे सगळं एखाद्या दुर्मीळ बाळापुरतंच आहे असं मात्र नाही. आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिलपैकी साधारण निम्म्या कोणत्याही वेळी शिरांच्या काठाला रेंगाळत असतात. बोटातून काढलेल्या थेंबात त्या मोजल्या जात नाहीत. जोरात जिना चढला तर काही मिनिटांत त्यांतल्या कितीतरी प्रवाहात येतात आणि आकडा फुगतो. दम्यासाठी स्टिरॉइड घेतलं तर चार-सहा तासांत असंच होतं. भिंतीवरची पकड सुटते, पेशी रक्तातच राहतात आणि अहवालात पंधरा-सोळा हजार येतात. कोणी संसर्ग समजून अँटिबायोटिक चालू करतं. प्रत्यक्षात पेशी वाढलेल्या दिसतात, कारण त्या जायला हव्या तिथे गेलेल्या नाहीत. म्हणून रक्त देताना कोणती औषधं चालू आहेत हे डॉक्टरांना सांगायला विसरू नये.

चिकटणं मुद्दाम थांबवण्याचा प्रयत्नही झाला. सोरायसिसमध्ये पांढऱ्या पेशी कातडीत विनाकारण गर्दी करतात. ती गर्दी रोखण्यासाठी २००३ साली अमेरिकेत एफालिझुमॅब हे औषध मंजूर झालं. ते इंटिग्रिनचाच हात झाकतं. कातडी सुधारली, पण काही रुग्णांच्या मेंदूत एरवी सुप्त असणारा विषाणू उफाळून आला. २००९ साली औषध बाजारातून काढून घ्यावं लागलं. ज्या पकडीने पेशी कातडीत उतरून त्रास देतात, त्याच पकडीने त्या मेंदूवर पहाराही देत होत्या.

काटा निघाल्यावर

आता पुन्हा त्या टाचेकडे. पू वाहून गेला, काट्याचं टोक निघालं की जंतूही संपतात आणि बोलावणारी रसायनंही. न्यूट्रोफिलचं आयुष्य मुळातच लहान असतं. त्या नेमून दिल्यासारख्या मरतात आणि मागून आलेल्या मोठ्या भक्षक पेशी त्यांना गिळून जागा साफ करतात. झिरपलेला द्रव लसीकावाहिन्यांतून परत जातो. चार-पाच दिवसांत टाचेवर फक्त सोललेली कातडी उरते. लाली टाचेवरून वर सरकत पोटरीकडे लाल रेघ चढू लागली, जांघेत गाठ आली किंवा थंडी वाजून ताप आला, तर मात्र जंतू पुढे निघाले असं समजावं. तिथे आजीची वाट बघण्याची पद्धत सोडून थेट डॉक्टरांकडे जायला हवं. बाकी, काटा जमिनीत पडलेला असतो, त्यामुळे धनुर्वाताची लस घेतली होती का हे आठवून पाहावं.

आजी पिकण्याआधी टाचेवर गव्हाच्या पिठाची गरम पोटीस बांधायची. उष्णतेने धमन्या आणखी सैल होतात आणि जास्त रक्त येतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी पू काढ म्हणून रडलो की ती हात मागे घ्यायची. तेव्हा तिथे काढण्यासारखं काहीच नव्हतं. पेशी अजून शिरेच्या भिंतीवरून लोळत होत्या.